चार गोळ्या, एक कप चहा आणि न जाणारा थकवा

मृणाल माझ्याकडे पहिल्यांदा आली ती ऑक्टोबरच्या शेवटी, आईला सोबत घेऊन. नाव बदललं आहे. वय २७, वजन ५१ किलो, हिंजवडीत नोकरी, राहायला पीजीत तिसऱ्या मजल्यावर. खुर्चीत बसता बसताच तिने फाइल पुढे सरकवली आणि म्हणाली, "डॉक्टर, मी रोज आठ तास झोपते. तरी सकाळी उठले की वाटतं, रात्रभर कुणीतरी जात्यावर बसवलं होतं."

आई म्हणाली, "सगळं कमी आहे हिच्यात. लोह कमी, डी कमी, थायरॉइड जास्त. चार महिने गोळ्या चालू आहेत, पण फरक म्हणून नाही."

तरुण मुलींच्या थकव्यात हा फाइलीचा प्रकार मी आता आठवड्यातून दोनतीनदा बघते. आधी पॅकेज तपासणी होते, त्यात तीन आकडे लाल अक्षरात येतात आणि तिन्हींवर एकदम औषध सुरू होतं. थकवा गेला तर कशाने गेला ते कळत नाही. नाही गेला तर कुठलं औषध लागू पडलं नाही, तेही कळत नाही. मृणालच्या बाबतीत मात्र त्या चार महिन्यांतच एक उत्तर दडलेलं होतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

फाइलमध्ये काय होतं

जूनमध्ये घरी येऊन रक्त घेऊन गेलेल्या पॅकेजचा रिपोर्ट असा होता: हिमोग्लोबिन ११.४, थायरॉइड मंदावलं की वाढणारं टीएसएच ६.१, व्हिटॅमिन डी ११. बी-१२ ठीक, साखर ठीक, किडनी आणि लिव्हर ठीक. लोहाच्या रकान्यात सीरम आयर्न ३८, रक्ताची लोह वाहण्याची क्षमता म्हणजे टीआयबीसी ४२० आणि त्यातला लोहाने भरलेला भाग म्हणजे सॅच्युरेशन ९ टक्के. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन मात्र नव्हतं. सत्तर तपासण्यांच्या पॅकेजमध्ये तीच एक नसते, असं पुष्कळदा होतं.

रिपोर्ट बघून तिला तिथल्या डॉक्टरांनी चार औषधं दिली. थायरॉइडसाठी थायरॉक्सिन २५ मायक्रोग्रॅम रोज, डी व्हिटॅमिनची ६० हजार युनिटची पुडी आठवड्याला एक अशी आठ आठवडे, कॅल्शियमची गोळी रोज आणि लोहाची गोळी रोज. यातलं एकही औषध एकेकटं बघितलं तर गैर नव्हतं, फक्त थायरॉक्सिनची घाई झाली होती. त्यावर पुढे येते.

ऑक्टोबरमध्ये तिने त्याच तपासण्या पुन्हा केल्या. हिमोग्लोबिन ११.२, टीएसएच ५.६, व्हिटॅमिन डी ३४.

हे तीन आकडे शेजारी ठेवून बघा. डी व्हिटॅमिन ११ वरून ३४ वर गेलं, म्हणजे व्यवस्थित भरून निघालं. थकवा जिथे होता तिथेच राहिला. म्हणजे निदान या मुलीच्या थकव्याचं मूळ डीमध्ये नव्हतं, हे तिच्याच शरीराने चार महिन्यांत सिद्ध करून दाखवलं. उरलेले दोन आकडे मात्र औषध चालू असूनही जवळजवळ हललेच नव्हते. त्या दोघांना दोषी किंवा निर्दोष ठरवण्याची वेळच आली नव्हती, कारण त्यांच्यावर उपचार झालाच नव्हता. गोळ्या फक्त पोटात गेल्या होत्या.

थकवा म्हणजे नेमकं काय

"थकवा" या एका शब्दात लोक किमान तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. कुणाला दिवसा डोळे मिटतात, कुणाला हालचाल केली की दम लागतो आणि कुणाचं कशातच मन लागत नाही. पहिल्या प्रकारात मी झोपेकडे बघते, घोरण्याबद्दल विचारते. तिसऱ्यात मनाकडे. मृणालला विचारलं, "मैत्रिणी रविवारी सिंहगडावर निघाल्या तर जावंसं वाटतं का तुला?"

"वाटतं ना! पण मागच्या वेळी निम्म्यातून परत आले. पाय उचलेनात आणि छाती धडधडायला लागली."

इच्छा शाबूत आहे आणि शरीर मागे पडतंय, हे उदासीपेक्षा वेगळं चित्र आहे. पीजीच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावर ती थांबायची, मोबाइल बघायचं निमित्त करून. रात्री झोपताना पोटऱ्यांमध्ये वळवळ व्हायची, पाय सारखे हलवावेसे वाटायचे. लोह कमी असताना हा त्रास बऱ्याच जणींना होतो आणि मग घड्याळात आठ तास भरतात, पण झोप हलकी राहते.

मग मी एक प्रश्न विचारला जो विचारल्याशिवाय कुणी आपणहून सांगत नाही. "काही विचित्र खावंसं वाटतं का? माती, खडू, बर्फ, कच्चे तांदूळ?"

मृणालने आईकडे बघितलं. आईच म्हणाली, "तांदूळ. घरी आली की डब्यात हात घालून मूठभर तांदूळ चावत बसते. लहानपणी पाटीवरची पेन्सिल खायची."

पाळीबद्दल तिचं उत्तर होतं, "नॉर्मल आहे, वेळेवर येते." वेळेवर येणं आणि नॉर्मल असणं यांत आपल्याकडे फार गल्लत होते. खोदून विचारल्यावर कळलं की पाळी सात दिवस चालते, पहिले तीन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलावं लागतं, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडतात आणि त्या तीन रात्री ती तीनचा गजर लावून उठते. आईचं म्हणणं, "आमच्याकडे सगळ्यांचं असंच असतं. माझं, माझ्या बहिणीचं." घरातल्या सगळ्या बायकांना एकसारखा त्रास असला की तो त्रास वाटेनासा होतो. घराण्यात असं असेल तर रक्त गोठण्याचा जन्मजात दोष आहे का हेही बघावं लागतं, म्हणून अक्कलदाढ काढली तेव्हाचं विचारलं, घोळणा फुटतो का ते विचारलं. दाढेचं रक्त लगेच थांबलं होतं, घोळणा कधी फुटला नव्हता. ती शंका मी तिथे बाजूला ठेवली.

तपासायला फार वेळ लागला नाही. खालच्या पापणीचा आतला भाग फिका. नाडी बसलेल्या अवस्थेत मिनिटाला ९६. थायरॉइड खरोखरच मंदावलेलं असेल तर नाडी सहसा संथ असते, त्वचा कोरडी, आवाज जाडसर, बद्धकोष्ठ, थंडी सोसवत नाही, घोट्याजवळची शीर ठोकली की पाय सावकाश मागे येतो. यातलं तिच्यात काहीच नव्हतं. डीची तीव्र कमतरता स्नायूंना धरते, मांड्यांना आणि खुब्यांना विशेष. उकिडवं बसून हात न टेकता उठता येत नाही, नडगीवर अंगठा दाबला की दुखतं. तिला उकिडवं बसवलं, ती सहज उठली. फक्त उठल्यावर तिला दम लागला, आणि मला जे बघायचं होतं ते दिसलं.

लोहाचा हिशोब

मासिक पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ८० च्या पुढे गेलं तर ती जास्त मानतात. दर मिलिलिटर रक्ताबरोबर अर्ध्या मिलिग्रॅमच्या आतबाहेर लोह जातं. मृणालचं वर्णन ऐकून मी ८० मिलिलिटर धरलं, बहुधा त्याहून जास्तच असेल. म्हणजे महिन्याला ३० ते ४० मिलिग्रॅम लोह गेलं, दिवसाला एक मिलिग्रॅमहून थोडं जास्त. त्वचा, आतडी यांच्या झिजेतून आणखी जवळपास एक मिलिग्रॅम रोज जातंच. तिला रोज दोन मिलिग्रॅम लोह रक्तात पोहोचायला हवं होतं.

ती शाकाहारी आहे. डाळ, पोळी, पालेभाजी, अधूनमधून नाचणी, असं धरून रोजच्या जेवणात १२ ते १५ मिलिग्रॅम लोह असेलही, पण अशा जेवणातून सहसा शंभरातलं पाच ते दहाच अंगी लागतं. म्हणजे जेमतेम एक मिलिग्रॅम. शिवाय जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला तर त्यातल्या टॅनिनमुळे शोषण निम्म्याहूनही खाली येऊ शकतं. मृणाल ऑफिसात जेवल्यावर लगेच मशीनचा चहा घ्यायची, पुन्हा चारला एक. रोज अर्धा-एक मिलिग्रॅम तोटा. ऐकायला काहीच नाही, पण पाळी सुरू झाल्यापासून तेरा-चौदा वर्षं हे चाललेलं होतं. पालक-बीट-गूळ खा म्हणून हा खड्डा बुजत नाही, आणि गुळाबद्दल तर आपल्याकडे उगाचच फार मोठी समजूत आहे.

फेरिटिन म्हणजे या साठ्याचं पासबुक. हिमोग्लोबिन हे हातातलं रोख. पगार कमी पडला की माणूस आधी बँकेतून काढतो, रोख शेवटी संपते. म्हणून हिमोग्लोबिन १२ किंवा १२.५ असतानाही साठा रिकामा असू शकतो, आणि अशा मुलींना "रक्त ठीक आहे" असं सांगून घरी पाठवलं जातं. मृणालचं ११.२ होतं, म्हणजे तिची रोखही संपायला लागली होती.

फेरिटिन करायला पाठवण्याआधी एक अडचण निघाली. केस गळतात म्हणून ऑगस्टपासून ती बायोटिनची गोळी घेत होती, कुणीतरी रीलमध्ये सांगितलं म्हणून. मोठ्या मात्रेतलं बायोटिन काही यंत्रांवरच्या टीएसएच आणि फेरिटिनच्या तपासणीत घोळ घालतं, दोन्ही आकडे खोटे कमी दाखवतं. आठवडाभर ते बंद ठेवून मगच रक्त घेतलं. ताप, सूज, संसर्ग असेल तर उलट होतं, फेरिटिन खोटं वाढतं. म्हणून सोबत सूज दाखवणारं सीआरपी केलं. ते ठीक होतं.

फेरिटिन आलं ६.

लॅबच्या कागदावर नॉर्मलची खालची मर्यादा बऱ्याचदा १० किंवा त्याहूनही खाली छापलेली असते. जागतिक आरोग्य संघटना १५ च्या खाली कमतरता मानते. दवाखान्यात आम्ही बरेच जण ३० च्या खाली आलं की लोह कमी आहे असं धरून चालतो. त्यामुळे ज्या मुलीचं १४ आलंय आणि कागदावर तारा नाही, तिनेही कागद टाकून देऊ नये.

लाल पेशी लहान झाल्या की आपल्याकडे आणखी एक शक्यता मनात ठेवावी लागते, थॅलेसेमिया मायनर. त्यातही पेशी लहान असतात, पण लोह कमी असेलच असं नाही, आणि वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खाऊन उपयोग होत नाही. साध्या सीबीसीवरून अंदाज येतो. एमसीव्हीला, म्हणजे लाल पेशींच्या सरासरी आकाराला, लाल पेशींच्या संख्येने भागायचं. मृणालचं ७७ भागिले ४.५५, म्हणजे १७. तेराच्या खाली आलं असतं तर मी थॅलेसेमियाची तपासणी आधी केली असती. हा अंदाजच आहे, निदान नव्हे.

गोळ्या गेल्या कुठे

आता मूळ कोडं. चार महिने लोहाची गोळी घेऊन हिमोग्लोबिन ११.४ चं ११.२ कसं झालं? गोळी पोटात गेली आणि अंगी लागली तर महिन्याभरात हिमोग्लोबिन एकाने तरी वर सरकायला हवं.

मी तिला सांगितलं, पुढच्या वेळी येताना औषधांचा डबा आण, आहे तसा. आणि सकाळी उठल्यापासून काय काय तोंडात घालतेस ते क्रमाने सांग.

क्रम असा होता. पावणेसातला उठून थायरॉक्सिन, कारण "उपाशीपोटी" असं बजावलं होतं. दहा मिनिटांत चहा आणि दोन बिस्किटं. आंघोळ करून साडेसातला पोहे किंवा उपमा, आणि त्यावर लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकदम, उरलेल्या चहाच्या घोटाबरोबर. मग बस.

म्हणजे सगळी औषधं पाऊण तासात आणि एकमेकांच्या अंगावर. कॅल्शियम लोहाला अडवतं. चहा लोहाला अडवतो. लोह आणि कॅल्शियम दोघंही थायरॉक्सिनला आतड्यातच बांधून ठेवतात, म्हणून थायरॉक्सिन आणि ही दोन यांच्यात चार तासांचं अंतर ठेवायला सांगतात. चहा थायरॉक्सिनच्या शोषणातही ढवळाढवळ करतो, त्यासाठी अर्धा ते एक तास थांबायचं असतं. तिला कुणी चुकीचं सांगितलं नव्हतं. "उपाशीपोटी" आणि "नाश्त्यानंतर" एवढंच चिठ्ठीवर लिहिलेलं होतं आणि तिने ते तंतोतंत पाळलं होतं. डीची पुडी मात्र ती रविवारी घरी आईच्या हातच्या जेवणावर दुधातून घ्यायची. ती एकटी, जेवणावर, कुणाच्या वाटेत न येता. चारांपैकी तीच लागू पडली, यात नवल नाही.

डब्यात आणखी एक गोष्ट सापडली. लोहाच्या गोळ्या चार महिन्यांत साधारण १२० संपायला हव्या होत्या. रिकामी पाकिटं मोजली तर पन्नासच्या आसपास. "पोटात जळजळ व्हायची," ती हळूच म्हणाली, "आणि संडास काळी झाली तेव्हा घाबरले. गूगल केलं तर आतून रक्तस्राव असं आलं." काळी शी लोहामुळे होते, हे चिठ्ठी देताना एका वाक्यात सांगायचं असतं. ते राहिलं की गोळ्या राहतात.

थायरॉइडचं काय करायचं

टीएसएच ६.१ हा आकडा आला तेव्हा काय परिस्थिती होती, तेही विचारलं. जूनमधल्या त्या तपासणीच्या दोन आठवडे आधी तिला जोराचा ताप येऊन गेला होता, चार दिवस १०२. मोठ्या आजारातून उठताना टीएसएच काही काळ वर जातं आणि आपोआप उतरतं. शिवाय थायरॉइडचं संप्रेरक तयार करणाऱ्या विकराला स्वतःला लोह लागतं. लोहाची तीव्र कमतरता असेल तर ग्रंथी थोडी कुरकुरते. म्हणजे टीएसएचचा आकडा लोहाच्या कमतरतेचीच सावली असण्याची शक्यता होती.

टीएसएच साडेचार ते दहाच्या दरम्यान असेल आणि थायरॉइडचं संप्रेरक फ्री टी-४ नॉर्मल असेल तर एकाच तपासणीवर गोळी सुरू करण्याची घाई नसते. सहा आठवडे ते तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं, आणि बऱ्याच जणींचं तोवर खाली आलेलं असतं. दहाच्या वर, किंवा फ्री टी-४ कमी, किंवा दिवस राहायचा विचार असेल तर गोष्ट वेगळी, तिथे थांबणं बरोबर नाही. मृणालचं फ्री टी-४ नॉर्मल होतं, थायरॉइडविरोधी अँटिबॉडीची तपासणी निगेटिव्ह होती आणि लग्न अजून ठरलेलंही नव्हतं. मी थायरॉक्सिन बंद केलं आणि आठ आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये, त्याच वेळी, सकाळीच टीएसएच करायचं ठरवलं. कारण टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतं. वाचणाऱ्यांपैकी कुणी थायरॉइडची गोळी घेत असेल तर हे वाचून बंद करू नका. ज्यांची ग्रंथी खरोखर थकलेली आहे त्यांना ती जन्मभर लागते, आणि बाहेरून बघून दोघींत फरक करता येत नाही.

आईला हे पटलं नव्हतं. "थायरॉइडची गोळी एकदा लागली की सुटत नाही म्हणतात."

"लागलीच नसेल तर सुटेल," मी म्हटलं. थोडी धाकधूक मलाही होतीच.

ठरलेली चिठ्ठी

कॅल्शियम बंद. दूध, दही, ताक, नाचणी रोज पोटात जात असताना तिला त्याची गरज नव्हती. डीची पुडी महिन्याला एक. ही पुडी काही लोक वर्षभर दर आठवड्याला घेत राहतात, त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढून मळमळ, तहान, मूतखडा असे नवे त्रास उभे राहतात. आठ आठवडे म्हणजे आठ आठवडेच.

लोहाची १०० मिलिग्रॅमची गोळी, दिवसाआड. सोमवार, बुधवार, शुक्रवार. रोज का नाही, असं तिने विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. लोहाची मोठी मात्रा पोटात गेली की यकृतातून हेपसिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते पुढचे चोवीस तास आतड्याचं दार अर्धवट लावून घेतं. दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं लोह कमी शोषलं जातं आणि उरलेलं पोटात जळजळ करत फिरतं. २०१७ साली स्वित्झर्लंडमध्ये, लोह कमी असलेल्या तरुण बायकांवरच, हे मोजून बघितलं होतं. दिवसाआड दिल्यावर प्रत्येक गोळीतलं जास्त लोह अंगी लागलं. हिमोग्लोबिन सात-आठ असेल तर मी अशी सवड घेत नाही, तिथे रोज देते किंवा शिरेतून. मृणालला घाई नव्हती आणि जळजळ होती, म्हणून दिवसाआड.

वेळ सकाळी पावणेसातची, थायरॉक्सिनने मोकळी केलेली. पाण्यात अर्धं लिंबू पिळून त्याबरोबर गोळी. चहा तासाभरानंतर. आंघोळ आणि आवराआवर मध्ये घातली की तो तास निघतो. जेवणानंतरचा मशीनचा चहा चारपर्यंत पुढे ढकलायचा. चहा सोड म्हणून मी सांगितलं नाही, सांगून उपयोगही नसतो.

आणि पाळी. टाकी भरताना नळ उघडा ठेवून चालत नाही. सोनोग्राफीत गाठ वगैरे काही निघालं नाही. रक्तस्राव कमी करायला ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, पाळीच्या पहिल्या तीन-चार दिवसांपुरतं. घरात कुणाला पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती का, ते विचारूनच ते दिलं. हार्मोनच्या गोळ्या किंवा हार्मोनची कॉपर-टीसारखी साधनं यांचाही चांगला उपयोग होतो, पण आईसमोर त्या विषयावर मृणालने नजर खाली घातली, म्हणून तो पर्याय मी तिला नंतर एकटीला सांगितला. तिने तूर्त ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच घ्यायचं ठरवलं.

पुढे काय झालं

सगळ्यात आधी तांदूळ सुटले. दुसऱ्या आठवड्यात तिचा मेसेज आला, "डबा उघडला आणि खावंसंच वाटलं नाही, विचित्र वाटलं." हिमोग्लोबिन हलायच्या आधी ही ओढ जाते, आणि औषध योग्य जागी पोहोचतंय याची माझ्यासाठी ती पहिली खूण असते. पोटऱ्यांची वळवळ तीनेक आठवड्यांत कमी झाली.

चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन १२.१. पाचव्या आठवड्यात ती जिना एका दमात चढली, हे तिला चढून झाल्यावर लक्षात आलं. आठ आठवड्यांनी टीएसएच ३.४, गोळीशिवाय. आईने कागद दोनदा वाचला. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.९ आणि फेरिटिन २८.

इथेच बहुतेक जणी थांबतात. हिमोग्लोबिन भरलं, बरं वाटतंय, गोळी कशाला? पण तोवर रोख भरलेली असते, बँक अर्धीच. हिमोग्लोबिनमधली तूट भरायला तिला साधारण २०० मिलिग्रॅम लोह पुरलं असेल, साठ्यासाठी आणखी तीनशे ते पाचशे लागतं. दिवसाआड गोळीतून पंधरावीस मिलिग्रॅमच आत जातं आणि पाळीही दर महिन्याला आपला वाटा नेतेच. मी तिला गोळी आणखी तीन महिने चालू ठेवायला सांगितली. एप्रिलअखेर फेरिटिन ५२ झालं आणि गोळी थांबली.

केस सगळ्यात उशिरा सुधारले, पाचव्या-सहाव्या महिन्यात. केसाचं चक्रच तेवढं लांब असतं.

थकवा पूर्ण गेला का? मी तिला दहापैकी गुण द्यायला सांगितले होते. ऑक्टोबरात आठ होता, एप्रिलमध्ये तीन. हे सगळं लोहाचंच श्रेय असं मी म्हणणार नाही. २०१२ साली फ्रान्समध्ये रक्त ठीक पण फेरिटिन ५० च्या खाली असलेल्या, थकव्याची तक्रार असलेल्या १९८ बायकांवर एक अभ्यास झाला. बारा आठवड्यांनी लोह घेणाऱ्यांचा थकवा जवळजवळ ४८ टक्क्यांनी उतरला, आणि लोह नसलेली दिसायला तशीच गोळी घेणाऱ्यांचाही २९ टक्क्यांनी. कुणीतरी नीट ऐकून घेतलं, डबा मोजला, जिन्याबद्दल विचारलं, याचाही त्यात वाटा असतोच. शिवाय जानेवारीत मृणालची टीम बदलली होती आणि नवा मॅनेजर रात्री दहाला फोन करत नव्हता. उरलेल्या तीन गुणांत काय आहे ते आम्ही शोधायला गेलो नाही.

आता दर सहा महिन्यांनी फेरिटिन बघायचं ठरलं आहे, कारण पाळी तीच आहे. नीट गोळी घेऊनही हिमोग्लोबिन महिनाभरात हललं नसतं, तर मी पुढे सीलिॲक म्हणजे गव्हाच्या प्रथिनाचा आजार आणि पोटातला एच. पायलोरी जंतू शोधला असता. दोन्हींत गोळी घेतली तरी लोह शोषलं जात नाही. ती वेळ आली नाही.

शेवटच्या भेटीत मृणाल कागद घडी घालून पर्समध्ये ठेवत होती, तेव्हा आईने आपला हात पुढे केला. "माझंही बघता का एकदा? मला तर वीस वर्षं असंच होतंय, सवय झाली." वय ५०, पाळी वर्षापूर्वीच गेलेली. पापणी कागदासारखी. रिपोर्ट आला, हिमोग्लोबिन ९.१, फेरिटिन ५. पाळी थांबून वर्ष झाल्यावर एवढं कमी, म्हणजे रक्त दुसरीकडून कुठून जातंय का, ते आधी पोटात आणि आतड्यात दुर्बीण घालून बघायला हवं. त्यांना मी गोळी दिली, आणि त्याच दिवशी पोटाच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठीही.